इंग्लंडमधील नर्सने गावी येण्यासाठी सात आठवड्यांची रजा कशी मागावी

प्रश्न : "मी मूळची कसबा बावड्याची. तीन वर्षांपासून इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, बँड ५, हेल्थ अँड केअर व्हिसावर, आठवड्याला साडेसदतीस तास. पुढच्या वर्षी मार्चमध्ये आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे आणि २५ एप्रिलला धाकट्या भावाचे लग्न. दोन्हींसाठी १५ मार्च ते २ मे असे सात आठवडे घरी राहायचे आहे. तीन वर्षांची मुलगी सोबत असेल. या वर्षाची साडेसत्त्याण्णव तास रजा शिल्लक आहे. मॅनेजर म्हणतात, तीन आठवड्यांच्या वर रजा मिळत नाही. मैत्रीण म्हणते, उरलेली बिनपगारी घे. ताई, व्हिसाला धोका आहे का? आणि अर्ज नेमका कसा करू?"

उत्तर :

सात आठवडे मिळू शकतात. मात्र चार आठवडे साधी बिनपगारी रजा घेण्याची जी वाट तुमच्या मैत्रिणीने सुचवली आहे, त्या वाटेने कृपया जाऊ नका. तुमच्या प्रश्नात तुम्ही ओझरता उल्लेख केलेली एक गोष्ट, म्हणजे तीन वर्षांची मुलगी सोबत असणे, या सगळ्या प्रकरणात तुमच्या सर्वांत उपयोगी पडणार आहे. ते कसे, हे पुढे सांगते.

मी स्वतः कोल्हापूरची आहे. इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षे नोकरी केली, त्यातील शेवटची आठ वर्षे वॉर्ड मॅनेजर म्हणून काढली, आणि आता राजारामपुरीत राहून परदेशी जाणाऱ्या नर्सेसना मार्गदर्शन करते. रजेचे अर्ज मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. त्यामुळे तुमच्या मॅनेजर 'मिळत नाही' म्हणाल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल, हे मला पक्के ठाऊक आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तीन आठवड्यांची मर्यादा हा कायदा नाही. सरकारी रुग्णालये चालवणाऱ्या बहुतेक ट्रस्टांच्या रजेच्या धोरणात असे असते की दोन किंवा तीन आठवड्यांपर्यंतची सलग रजा वॉर्ड मॅनेजर स्वतः मंजूर करू शकतात आणि त्यापुढची रजा मेट्रनकडे किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणजे तुमच्या मॅनेजर खोटे बोललेल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या अधिकाराची मर्यादा सांगितली आणि तुम्ही तो नकार समजलात. ट्रस्टच्या अंतर्गत संकेतस्थळावरून रजेचे धोरण उतरवून घ्या आणि त्यात 'सलग रजा' किंवा 'मायदेशी जाण्यासाठीची रजा' याविषयीचे कलम शोधा. परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांना दर दोन-तीन वर्षांनी मोठी रजा घेता यावी, अशी तरतूद काही ठिकाणी असते. ते कलम सापडले तर अर्जात त्याचा क्रमांक लिहा. तेवढ्या एका ओळीने मॅनेजरचे निम्मे काम हलके होते, कारण मेट्रनसमोर त्यांना आधार दाखवता येतो.

आता हिशेबाकडे येऊ. आपल्याकडे रजा दिवसांत मोजायची सवय असते आणि इंग्लंडमध्ये पाळीची ड्यूटी करणाऱ्या नर्सची रजा तासांत मोजली जाते. इथेच पहिला गोंधळ होतो. तुमच्या वेतनश्रेणीच्या करारानुसार पहिली पाच वर्षे वार्षिक रजा २७ दिवस आणि सार्वजनिक सुट्ट्या ८, असे ३५ दिवस मिळतात. दिवसाला साडेसात तास धरले तर हे वर्षाचे २६२.५ तास होतात. सात आठवडे गुणिले साडेसदतीस तास केले तरी उत्तर २६२.५ तासच येते. म्हणजे सात आठवड्यांची रजा ही तुमची अख्ख्या वर्षाची रजा आहे, एक तास कमी नाही की जास्त नाही. वॉर्डच्या रोस्टरवर आठवड्याला तीन लाँग डे दिसतात म्हणून कोणी 'सात आठवडे म्हणजे फक्त एकवीस शिफ्टा' असे समजत असेल, तर त्या प्रत्येक शिफ्टला साडेसात नव्हे, तर साडेअकराच्या आसपास तास कापले जातात हे ध्यानात असू द्या.

तुमच्या तारखा मात्र फार चांगल्या ठिकाणी पडल्या आहेत. बहुतेक ट्रस्टांचे रजेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते (तुमच्याकडेही तसेच आहे ना, हे तेवढे तपासा). १५ मार्चला सोमवार आहे. त्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत कामाचे १३ दिवस होतात, म्हणजे ९७.५ तास. तुमच्याकडे या वर्षाची नेमकी तेवढीच रजा उरली आहे. १ एप्रिलपासून २ मेपर्यंत कामाचे २२ दिवस होतात, म्हणजे १६५ तास. ते नव्या वर्षाच्या खात्यातून जातील. तेव्हा कागदावर पाहता सातही आठवडे पगारी रजेतच बसतात आणि बिनपगारीचा प्रश्न उद्भवत नाही.

तरीही सगळे १६५ तास नव्या वर्षातून काढा, असे मी सांगणार नाही. तसे केले तर मे ते पुढचा मार्च अशा अकरा महिन्यांसाठी तुमच्याकडे ९७.५ तास, म्हणजे अवघे तेरा दिवस उरतात, आणि त्यातूनच उरलेल्या सार्वजनिक सुट्ट्याही भागवायच्या असतात. लहान मूल घरात असताना, सासर-माहेर इतक्या दूर असताना, रात्रपाळ्या करत अकरा महिने तेरा दिवसांच्या रजेवर काढणे अवघड आहे. मी अशा मुलींना नोव्हेंबरपर्यंत आजारी पडताना पाहिले आहे. आजारपणाची रजा वाढली की त्यावर बैठका सुरू होतात, आणि मग पुढच्या वर्षी मोठी रजा मागताना त्याच नोंदी आडव्या येतात. म्हणून सातपैकी पाच आठवडे पगारी आणि दोन आठवडे बिनपगारी, असे विभागणे शहाणपणाचे. ७५ तास बिनपगारी घेतले, तर नव्या वर्षातून फक्त ९० तास जातात आणि १७२.५ तास, म्हणजे तेवीस दिवस हाताशी राहतात. दोन आठवड्यांचा पगार जाईल, तो आताच बाजूला काढून ठेवावा लागेल. पण हे पैसे वाया गेले, असे मी मानत नाही.

आता खरी काळजी घ्यायची ती या बिनपगारीच्या बाबतीत. तुमच्या व्हिसाच्या नियमांत असे आहे की जानेवारी ते डिसेंबर या एका कॅलेंडर वर्षात सर्व मिळून चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ तुम्ही बिनपगारी किंवा कमी पगारावर गैरहजर राहिलात, तर अपवाद वगळता तुमच्या ट्रस्टला तुमचे प्रायोजकत्व थांबवावे लागते आणि गृहखात्याला तसे कळवावे लागते. त्यानंतर व्हिसाची मुदत साधारणतः ६० दिवसांवर आणली जाते आणि तेवढ्यात नवा प्रायोजक शोधा किंवा देश सोडा, एवढाच मार्ग उरतो. या नियमातील 'सर्व मिळून' हे शब्द नीट वाचा. चार आठवडे सलग असावेत असे त्यात कुठेही नाही. एप्रिलमध्ये घेतलेले आठवडे डिसेंबरपर्यंत तुमच्या नावावर जमा राहतात.

यात माझीच एक चूक सांगते, कारण ती सांगण्यासारखी आहे. मी मॅनेजर होऊन वर्षही झाले नव्हते. माझ्या वॉर्डातील एका नर्सने फेब्रुवारीत सासऱ्यांच्या निधनानंतर दोन आठवडे बिनपगारी रजा घेतली होती. ती माझ्या आधीच्या मॅनेजरने मंजूर केली होती. नोव्हेंबरमध्ये बहिणीच्या बाळंतपणासाठी तिने आणखी तीन आठवडे मागितले. मी रोस्टर पाहिले, माणसे पुरेशी होती, मी सही केली. फेब्रुवारीकडे मागे वळून पाहण्याचे मला सुचलेच नाही. ती भारतात पोचल्यावर नवव्या दिवशी मनुष्यबळ विभागातून मला फोन आला की दोन आणि तीन मिळून पाच आठवडे होतात, हे तुम्ही पाहिले का? तिच्या नशिबाने तिची वार्षिक रजा शिल्लक होती. आम्ही त्याच दिवशी उरलेले दिवस पगारी रजेत बदलून घेतले आणि एकूण बेरीज चारच्या आत आणली. रजा शिल्लक नसती तर त्या मुलीला मध्येच विमान पकडून परत यावे लागले असते. त्या दिवसापासून बिनपगारी रजेचा अर्ज समोर आला की जानेवारीपासूनची बेरीज केल्याशिवाय मी कधीही सही केली नाही. तुमच्या मॅनेजर ती बेरीज करतीलच, असे गृहीत धरू नका. ती तुम्ही करा.

याच कारणासाठी मैत्रिणीचा सल्ला मला मान्य नाही. एप्रिलमध्येच चार आठवडे बिनपगारी संपवले, तर त्या वर्षी घरात काहीही घडले, तरी तुमच्याकडे बिनपगारीचा एकही दिवस उरत नाही. आईचे ऑपरेशन झालेले असताना आणि वडिलांचे वय झालेले असताना तो दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करून घेऊ नये.

आता तुमच्या मुलीविषयी. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी एकूण अठरा आठवडे बिनपगारी पॅरेंटल लीव्ह घेता येते. एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त चार आठवडे घेता येतात, आणि रजा पूर्ण आठवड्यांच्या पटीतच घ्यावी लागते. ही रजा कशासाठी घेता येते याची जी उदाहरणे तेथील सरकार देते, त्यांत मुलाला घेऊन आजी-आजोबांना व नातेवाइकांना भेटायला जाणे हे उदाहरण स्पष्टपणे दिलेले आहे. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हिसाच्या चार आठवड्यांच्या नियमातून ही कायदेशीर पॅरेंटल लीव्ह वगळलेली आहे. प्रसूती, दत्तक, आजारपण यांच्याबरोबरच तिचे नाव अपवादांत आहे. म्हणजे तुमचे ते दोन आठवडे साधी बिनपगारी रजा म्हणून घेतले, तर ते चारच्या खात्यात जमा होतात. पॅरेंटल लीव्ह म्हणून घेतले, तर होत नाहीत. दोन्हींत पगार सारखाच कापला जातो, फरक फक्त रजेच्या नावाचा आहे, आणि त्या नावावर तुमचे चार आठवडे शाबूत राहणे अवलंबून आहे.

म्हणून ही रजा कोणत्या नावाने नोंदवली गेली हे तुम्ही स्वतः पाहिले पाहिजे. रोस्टर भरणारी व्यक्ती घाईत असते, यादीत 'बिनपगारी' हा पर्याय वरच दिसतो आणि तोच निवडला जातो. मंजुरी मिळाल्यावर रोस्टरच्या ॲपमध्ये जाऊन ते दोन आठवडे उघडून पाहा, पॅरेंटल लीव्ह असे दिसले तर त्याचे चित्र काढून ठेवा, आणि नसेल तर त्याच दिवशी ईमेलने दुरुस्ती मागा. प्रवासाला निघाल्यावर हे लक्षात आले तर दुरुस्ती होते, पण तोवर पगाराच्या नोंदी गेलेल्या असतात आणि सगळेच किचकट होते.

पॅरेंटल लीव्हसाठी कायद्याने २१ दिवसांची आगाऊ सूचना पुरते. कामात मोठा व्यत्यय येत असेल तर ट्रस्ट ती सहा महिन्यांपर्यंत पुढे ढकलू शकतो, आणि तसे करायचे असेल तर तुमच्या सूचनेपासून सात दिवसांत कारणासह लेखी कळवावे लागते. तरीही २१ दिवसांच्या हिशेबाने चालू नका. पाच आठवड्यांची पगारी रजा आणि तिला जोडून ही रजा, असे दोन्ही एकाच वेळी मागा, म्हणजे मेट्रनला संपूर्ण चित्र दिसेल. मुलीचा जन्मदाखला मागितला जाऊ शकतो. तो कोल्हापूर महानगरपालिकेचा मराठी-इंग्रजी दाखला असेल, तर त्याची प्रत जोडायला हरकत नाही. ती पाच वर्षांची होऊन सक्तीच्या शाळेच्या वयात गेली, की शाळेच्या दिवसांत पाच-सहा आठवडे नेणे जवळजवळ अशक्य होईल, कारण विनापरवाना गैरहजेरीसाठी तेथे पालकांना दंड होतो. या दृष्टीनेही ही मोठी रजा पुढच्याच वर्षी उरकलेली बरी.

व्हिसासंबंधी आणखी एक मोजणी आहे, तिची तुम्हाला सध्या चिंता नाही, पण नोंद ठेवा. पुढे कायम वास्तव्याचा अर्ज कराल तेव्हा कोणत्याही बारा महिन्यांच्या काळात देशाबाहेर १८० दिवसांपेक्षा जास्त राहिलेला नसावा, असे पाहिले जाते. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस, त्यामुळे तुम्ही त्यात आरामात बसता. तरी एका वहीत जाण्या-येण्याच्या तारखा आणि विमानांचे क्रमांक लिहून ठेवा. पाच वर्षांनी आठवत नाही.

आता टेबलाच्या पलीकडची बाजू. समजा, तुमच्या वॉर्डात २४ नोंदणीकृत नर्सेसच्या जागा आहेत. रजेसाठी म्हणून वॉर्डच्या अंदाजपत्रकात साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास माणसे धरलेली असतात, म्हणजे एका वेळी तीन, फार तर चार नर्सेस रजेवर असू शकतात. तुम्ही सात आठवडे गेलात, तर त्या तीन-चारपैकी एक जागा सात आठवडे अडते. आणि या सात आठवड्यांत पुढच्या वर्षीचा ईस्टर येतो, २८ मार्चचा. शाळांना सुट्टी असते, ज्यांना मुले आहेत त्या सगळ्या त्याच दोन आठवड्यांवर डोळा ठेवून असतात. मॅनेजरला तुमच्या आईविषयी सहानुभूती नाही असे नाही. तिला ईस्टरच्या रविवारी रात्री वॉर्डात कोण उभे राहील, ही काळजी असते.

तेव्हा तुमच्या अर्जाबरोबर या काळजीचे उत्तर जायला हवे. मला सर्वांत परिणामकारक वाटलेला मार्ग असा की ख्रिसमस आणि नववर्ष या दोन्ही काळांत काम करण्याची तयारी आधीच लेखी कळवायची. आपल्याला दिवाळी-दसऱ्याचे जे आहे, ते त्यांना ख्रिसमसचे. त्या आठवड्यातील रात्रपाळ्या तुम्ही घेतल्या तर ज्या सहकारी ईस्टर तुमच्यासाठी सोडतील, त्यांच्यावर अन्याय झाला असे होत नाही. एक-दोघींशी आधी बोलून घ्या आणि त्यांच्या संमतीने त्यांची नावे मॅनेजरला सांगा. मॅनेजरच्या हाती सुटलेले गणित द्यायचे.

वेळेचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की जितकी रजा हवी तिच्या दुप्पट काळ आधी सूचना द्यावी, आणि मालकाला नकार द्यायचा असेल तर त्याने रजेइतका काळ आधी तो कळवावा. सात आठवड्यांसाठी याचा अर्थ किमान चौदा आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. माझा सल्ला मात्र सहा महिने आधीचा आहे. नव्या वर्षाची रजा मागायला काही ठिकाणी जानेवारीपर्यंत थांबायला लावतात, कारण नवे खाते उघडलेले नसते. तसे कोणी म्हटले तर 'तत्त्वतः मंजुरी' आत्ताच ईमेलवर मागा आणि ॲपमधील अर्ज खाते उघडल्यावर करा.

अर्ज करण्याआधी एक काम कोल्हापुरात करून घ्या. आईच्या अस्थिरोग तज्ज्ञांकडून ऑपरेशनची तारीख नक्की करून घ्या, आणि ती १८ किंवा १९ मार्चच्या पुढे जाऊ देऊ नका. मी नर्स म्हणून सांगते, सांधा बदलल्यावर पहिले दोन-अडीच आठवडे आईला उठता-बसता माणूस लागतो. टाके निघेपर्यंत जखमेकडे लक्ष, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि रोजचा व्यायाम, यांत घरचे माणूस प्रशिक्षित असेल तर फार फरक पडतो. १८ मार्चला ऑपरेशन झाले तर २५ एप्रिलपर्यंत पाच आठवडे उलटून जातात आणि आई काठी घेऊन मांडवात बसू शकते. ऑपरेशन एप्रिलवर ढकलले गेले, तर लग्न आणि आजारपण एकाच घरात एकाच आठवड्यात येतील, आणि तुमची रजा नेमकी तेव्हाच संपत आलेली असेल. ऑपरेशन पुढे जाण्याची नेहमीची कारणे म्हणजे न आटोक्यात आलेली साखर, रक्तदाब, दातांतील किंवा लघवीतील संसर्ग. या तपासण्या फेब्रुवारीतच करून घ्यायला भावाला सांगा, म्हणजे सुधारायला वेळ मिळेल.

आता अर्जाची भाषा. आपण इथे तहसील कचेरीत किंवा शाळेत अर्ज लिहायला शिकलेले असतो, त्यामुळे 'सविनय सादर करते की' पासून सुरुवात होऊन 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' येथे शेवट होतो आणि मधे आईच्या दुखण्याचा सगळा इतिहास येतो. तेथे असा अर्ज वाचून मॅनेजर गोंधळते, कारण तिला नेमक्या तारखा आणि तास शोधावे लागतात. ईमेल इंग्रजीत लिहाल, पण आशय साधारण असा असू द्या :

"सोमवार १५ मार्च ते रविवार २ मे या काळासाठी मी रजा मागत आहे. १५ ते ३१ मार्च हे ९७.५ तास चालू वर्षाच्या वार्षिक रजेतून, १ एप्रिलपासून ९० तास नव्या वर्षाच्या वार्षिक रजेतून, आणि शेवटचे दोन पूर्ण आठवडे, १९ एप्रिल ते २ मे, माझ्या तीन वर्षांच्या मुलीसाठीची कायदेशीर पॅरेंटल लीव्ह म्हणून. आईचे ऑपरेशन १८ मार्चला व भावाचे लग्न २५ एप्रिलला असून मुलगी माझ्यासोबत तिच्या आजी-आजोबांकडे राहणार आहे. या वर्षी मी अन्य कोणतीही बिनपगारी रजा घेतलेली नाही. ख्रिसमस व नववर्षाच्या दोन्ही आठवड्यांत काम करण्यास मी तयार आहे. ही रजा आपल्या अधिकाराबाहेर असल्यास कृपया मेट्रनकडे पाठवावी. त्यांना भेटण्यास मी येऊ शकेन."

यात तासांची बेरीज तपासून पाहा : ९७.५ अधिक ९० अधिक ७५ बरोबर २६२.५. पॅरेंटल लीव्ह शेवटी ठेवण्याचे कारण असे की ती सोमवार ते रविवार अशा पूर्ण आठवड्यांत बसते आणि लग्नही त्याच दिवसांत आहे. आईची प्रकृती आहे त्यापेक्षा गंभीर करून सांगू नका. ठरवून होणारे ऑपरेशन आणि लग्न ही दोन्ही कारणे जशीच्या तशी सांगितली तरी पुरेशी आहेत. पुढे कधी खरोखर तातडी आली, तर तुमच्या शब्दावर विश्वास असणे त्या वेळी कामाला येईल.

नकार आलाच तर तो लेखी मागा आणि कारण विचारा. कारण ईस्टरचे असेल तर पर्याय म्हणून ३० मार्चला निघण्याची तयारी दाखवता येते, पण मग चालू वर्षाचे बरेचसे तास आधीच, फेब्रुवारीपर्यंत वापरावे लागतील, कारण नव्या वर्षात सहसा आठवडाभराचीच रजा पुढे नेऊ देतात. शिवाय आईच्या ऑपरेशनला तुम्ही नसाल. म्हणून हा पर्याय स्वतःहून पहिल्याच भेटीत पुढे करू नका. त्याआधी पाच किंवा सहा आठवड्यांवर बोलणी करून पाहा.

लेखी मंजुरी हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका. 'तिकीट काढले आहे' हे कारण म्हणून कुठेही चालत नाही, उलट दबाव आणल्यासारखे दिसते.

घरी आल्यावर ज्या दोन प्रसंगांत माणसे अडचणीत येतात, तेही सांगून ठेवते. पहिला प्रसंग, रजा वाढवावीशी वाटणे. लग्नानंतर देवदेव, गोंधळ, जोतिबाला जाणे, पाहुणे, आणि आई म्हणते अजून आठ दिवस राहा. रजा वाढवायची असेल, तर ती संपण्याच्या बरीच आधी लेखी मागायची आणि होकार आल्यावरच थांबायचे. न कळवता थांबलात आणि सलग दहापेक्षा जास्त कामाचे दिवस परवानगीविना गैरहजर राहिलात, तर ट्रस्टला ते गृहखात्याला कळवावेच लागते. व्हॉट्सॲपवर सहकारी मैत्रिणीला 'मॅडमना सांग' म्हणणे ही सूचना होत नाही.

दुसरा प्रसंग, तुम्ही स्वतः आजारी पडणे. एप्रिलच्या उन्हात लहान मुलासह येताना हे घडू शकते. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी धोरणात सांगितलेल्या पद्धतीने मॅनेजरला कळवा. सात दिवसांपर्यंत स्वतःचे निवेदन चालते, त्यापुढे डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि रजेच्या काळातील आजारासाठी काही ट्रस्ट पहिल्या दिवसापासूनच दाखला मागतात. दाखला इंग्रजीत, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह, आजाराचे नाव आणि 'कामासाठी असमर्थ' ही तारीख ते तारीख, असा हवा. आपल्याकडील दाखल्यांत बहुधा फक्त 'विश्रांतीचा सल्ला दिला आहे' एवढेच असते, ते तेथे पुरत नाही. दाखला नीट असेल, तर आजारपणाचे ते दिवस वार्षिक रजेतून कापले न जाता तुम्हाला परत मिळतात.

तुमची तीन वर्षे पूर्ण होत आहेत, हे वाचून मला आणखी एक शंका आली. नर्सिंग नोंदणीचे पुनर्वैधीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते, त्यासाठी ४५० तासांचे काम, प्रशिक्षणाच्या नोंदी, सहकाऱ्यांचे अभिप्राय आणि वरिष्ठांबरोबरची चर्चा लागते. तुमची तारीख मार्च ते मे यांमध्ये येत नाही ना, हे आजच नोंदणीच्या खात्यात पाहा. येत असेल तर चर्चा आणि सह्या फेब्रुवारीतच पूर्ण करा. अर्ज मुदतीच्या आधीच्या साठ दिवसांत ऑनलाइन भरता येतो. नोंदणी रद्द झाली तर परत आल्यावर नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंतचे आठवडे कसे भरायचे, हा नवा पेच उभा राहतो. तसेच कोल्हापुरात असताना स्वतःचे पारपत्र नवे काढून घेणार असाल, तर परतीच्या प्रवासाआधी नव्या पारपत्राचा क्रमांक व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात जोडा. आता व्हिसाचे कार्ड नसते, विमानतळावर ते खातेच पाहिले जाते, आणि तेथे जुना क्रमांक असेल तर विमान कंपनी थांबवू शकते.

परतीच्या बाबतीत, रजा २ मेला संपते म्हणून १ मेचे विमान घेऊ नका. लग्न २५ ला, त्यानंतरची पूजा २७-२८ ला धरली तरी २९ च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठून ३० एप्रिलला उड्डाण करता येईल. (ज्या मैत्रिणी जुलै-ऑगस्टमध्ये येतात, त्यांना मी दोन नव्हे, तर चार दिवस हाताशी ठेवायला सांगते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता आणि विमाने चुकली होती.) परत आल्यावर पहिली शिफ्ट ३ मेची लागू देऊ नका, तो तेथे सार्वजनिक सुट्टीचा सोमवार आहे आणि माणसे कमी असल्याने रजेवरून परतणाऱ्यांची नावे त्या दिवशी हमखास टाकली जातात. रोस्टर प्रसिद्ध होण्याआधी ५ मेपासून ड्यूटी देण्याची विनंती याच ईमेलच्या शेवटी एका ओळीत लिहून टाका.